पगारवाढीचा मेल आणि तो उघडणारा माणूस

शुक्रवार, २२ जून २००७. सकाळचे आठ वाजून पंचावन्न मिनिटं झाली आहेत आणि इनुस तांबोळी मॅनेजरांचे मेल उघडतो आहे.

शिरूर तालुक्यात, एमआयडीसीत, पुठ्ठ्याची खोकी करणारा हा कारखाना. मॅनेजर पोपटराव कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. आलेला प्रत्येक मेल इनुस छापतो, त्यावर आवक नंबराचा शिक्का मारतो, हिरव्या फायलीत लावतो आणि फाईल केबिनमध्ये नेतो. पोपटराव उत्तर तोंडी सांगतात. इनुस ते इंग्रजीत टाइप करून पोपटरावांच्या नावानं पाठवतो. गेली अडीच-तीन वर्षं हे असंच चालू आहे.

आज पाच मेल आहेत. पहिला कागद पुरवणाऱ्या मिलचा, दर वाढवल्याचा. दुसरा पुण्याच्या ऑफिसचा. तिसरा एका नायजेरियन विधवेचा. पोपटरावांनी तिलाही एकदा सभ्य नकार पाठवायला लावला होता. चौथा ट्रान्सपोर्टवाल्याचा. पाचव्या मेलवर पाठवणाऱ्याचं नाव आहे इनुस तांबोळी. विषय: पदनाम आणि पगार यांच्या फेरविचाराबाबत विनंती.

इनुसनं तो छापला. वाचायची गरज नव्हती, काल शिरूरमध्ये तीन तास तो त्यावरच बसला होता. त्यानं आवक नंबर टाकला, शिक्का मारला आणि क्रमाप्रमाणे ट्रान्सपोर्टवाल्याच्या खाली लावला. मग थोडा वेळ फाईल मांडीवर घेऊन बसून राहिला.

इनुसचं वय तेव्हा एकोणतीस. गाव इनामगाव, घोड नदीच्या काठचं. गावाला उत्खननाची माणसं येऊन गेलेली. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वी इथले लोक काय खात होते हे पुण्यातल्या प्राध्यापकांना ठाऊक आहे, असं तो सांगतो. बायको रुबी घरी शिवणकाम करते आणि तिच्या हातचे ब्लाउज न्हावऱ्यापर्यंत जातात. इनुस कारखान्यात २००३ साली चिकटवणीच्या मशिनवर हेल्पर म्हणून लागला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ऑफिसमधला ऑपरेटर न सांगता निघून गेला. पोपटरावांनी मशिनच्या शेडमध्ये येऊन विचारलं, “कॉम्प्युटर कुणाला येतो रं?” इनुसनं हात वर केला. त्यानं शिरूरला एमएस-सीआयटी केलं होतं. पोपटराव म्हणाले, “दोन दिवस बस.” त्या दोन दिवसांचा लेखी आदेशही निघाला. तो टाइप इनुसनंच केला, कारण खुर्चीत तोवर तो बसला होता.

ते दोन दिवस अजून संपलेले नव्हते. मस्टरवर इनुस हेल्परच होता आणि पगार हेल्परचा होता: महिना बत्तीसशे.

आता प्रश्न तातडीचा झाला होता. रुबीचा भाऊ अलीम दौंडला राहतो. त्यानं कुरकुंभच्या एका कंपनीत गेटवर टाइमकीपरची जागा धरून ठेवली होती, महिना सेहेचाळीसशे. तीस जूनपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. जायचं म्हणजे दौंडला खोली करायची, रुबीची सगळी गिऱ्हाइकं सोडायची आणि कॉम्प्युटर सोडून पुन्हा गेटवर उभं राहायचं. न जायचं म्हणजे बत्तीसशे. इनुसला जायचं नव्हतं. बत्तीसशेत राहायचंही नव्हतं.

त्यानं आधी काहीच मागितलं नव्हतं असं नाही. जानेवारीपासून तो पोपटरावांना मोबाईलवर मेसेज पाठवत होता. नुसतं पगाराचं लिहिणं त्याला उद्धट वाटे, म्हणून पुढे एखादी शायरी किंवा शुभेच्छा जोडायचा. पण पोपटराव मेसेजही वाचत नसत. इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांना लागत नसे. फोन वाजला की ते बेल मारत आणि फोन इनुसच्या हातात देत. “काय लिवलंय बघ.”

आणि इनुसला मॅनेजरांच्या समोर उभं राहून, मॅनेजरांच्या फोनवरून, स्वतःचाच मेसेज वाचून दाखवावा लागे.

पहिला मेसेज होता: “गुड मॉर्निंग सर. फुलं उमलतात पहाटे, माणसं उमलतात स्वभावानं. पगाराचं बघा की.” इनुसनं वाचलं ते “गुड मॉर्निंग सर, फुलं उमलतात पहाटे,” इथपर्यंत.

“कुणाचा हाय?” पोपटरावांनी विचारलं.

पोपटरावांच्या फोनमध्ये सगळे नंबर इनुसनंच भरले होते. स्वतःचा नंबर त्यानं ‘ऑफिस’ या नावानं भरला होता.

“ऑफिसचा,” तो म्हणाला.

“बरं हाय. ऑफिसला माया हाय,” पोपटराव म्हणाले.

असं जूनपर्यंत चाललं. होळीचा, गुढीपाडव्याचा, महाराष्ट्र दिनाचा असे मेसेज गेले. प्रत्येकाच्या शेपटीला पगार होता आणि प्रत्येक वेळी शेपटी इनुसनंच वाचताना तोडली. मधल्या काळात त्याचा धीर सुटला आणि शुभेच्छा गळाल्या. “सर स्टोअरच्या विक्रमचा वाढला माझा का नाही. मी काय पाप केलं.” हा त्यानं “सर, स्टोअरमध्ये सगळं ठीक आहे,” असा वाचला. “दुसरीकडं बोलावतात मला, मग म्हणू नका,” हा त्यानं लग्नाचं आमंत्रण म्हणून वाचला. पोपटरावांनी तारीख आणि गाव विचारलं. इनुसनं एक तारीख आणि न्हावऱ्याचं नाव ठोकून दिलं. त्या दिवशी पोपटराव फेटा बांधून न्हावऱ्याला गेले आणि तिथल्या एका लग्नात जेवूनही आले. लग्न कुणाचं ते पोपटरावांना आणि पाहुणा कुणाचा ते मांडवातल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मे महिन्यात पुण्याच्या डायरेक्टरांनी फर्मान काढलं. कामगार थेट त्यांच्या घरी फोन करू लागले होते. यापुढे पगाराचा विषय फक्त ईमेलनं, आपल्या मॅनेजरकडे, पुराव्यासह. मॅनेजर शेरा मारून पुण्याला पाठवतील. ही नोटीस टाइप करून बोर्डावर लावली ती इनुसनं. लावता लावता त्यानं पोपटरावांना विचारलं होतं.

“साहेब, मला पगाराचं बोलायचं असलं तर?”

“मेल कर.”

“साहेब, तुमचा मेल मीच उघडतो.”

“मग उघड की. तुला कोन नको म्हनतंय?”

कारखान्याची सुट्टी गुरुवारची. एकवीस तारखेच्या गुरुवारी इनुस शिरूरला अकिला मॅडमकडे गेला. एसटी स्टँडजवळ माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. एमएस-सीआयटी त्यानं त्यांच्याकडेच केलं होतं. अकिला मॅडम पंचेचाळिशीच्या. कामाशिवाय बसलेल्या माणसाला त्या पंख्याचं बटण बंद करून उठवतात.

“मेसेज दाखव,” त्या म्हणाल्या.

त्यानं दाखवले. फोनच्या ‘पाठवलेले’मध्ये सगळे होते. अकिला मॅडमनी एकेक वाचला. फुलांच्या मेसेजला त्या हसल्या नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी मधोमध रेघ मारली. डावीकडे इनुस काय म्हणाला, उजवीकडे त्यातलं काय दाखवता येतं. डावी बाजू भरली. उजवी बाजू बराच वेळ कोरी राहिली.

“बायकोची तब्येत बरी नाही, असं लिहिलंयस. रुबीला काय झालं?”

“काही न्हाई. बरी हाय ती.”

“मग काढ. आणि खरंच आजारी असती तरी काढलं असतं. घरच्या गरजेवर उसनवारी मिळते, पगार नाही. पगार कामावर. विक्रमचा पगार वाढला हे तुला कसं कळलं?”

“पगारपत्रक मीच टाइप करतो.”

“मग तर अजिबात लिहायचं नाही. विश्वासानं डोळ्यांखालनं गेलेला कागद स्वतःसाठी वापरलास तर ते पगार राहू दे, खुर्ची काढून घेतील.”

“मग माझा पगार कमी हाय हे सांगू कसं?”

“पेपरात जाहिराती येतात ना? या भागातल्या ऑफिस असिस्टंटच्या, एमएस-सीआयटी मागणाऱ्या. त्या सगळ्यांना दिसतात.” त्यांनी रद्दीचा गठ्ठा त्याच्यापुढे ढकलला. तासाभरात पगार छापलेल्या तीन जाहिराती सापडल्या, सगळ्या त्याच वर्षातल्या.

“कुरकुंभचं लिहू?”

“पहिल्याच मेलमध्ये लिहिलं की धमकी वाटते. समोर बसून विचारलं तर खरं सांग. आता हे सांग, तू त्या खुर्चीत बसल्यापासून कारखान्याचं काय बरं झालं?”

पाच महिन्यांत हा प्रश्न त्यानं स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मग त्याला आठवत गेलं. ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं तो पावत्यांशी ताडून बघतो. आधी कुणी बघत नव्हतं. गेल्या वर्षी सात बिलं दुसऱ्यांदा आलेली सापडली आणि पैसे द्यायचे थांबले. गाडी भरताना नग मोजून गेटपासवर दोघांच्या सह्या घ्यायची पद्धत त्यानं घातली. त्यानंतर ‘माल कमी आला’ अशा तक्रारी वर्षाला एकतीसवरून बारावर आल्या.

“हे एकतीस आणि बारा, दोन्ही वर्षांची गिऱ्हाइकं तीच होती का?” अकिला मॅडमनी विचारलं.

“तीच की,” इनुस म्हणाला. खालच्या चहावाल्यानं तेवढ्यात कप आणले आणि तो विषय तिथेच राहिला.

मेल इंग्रजीत लिहिला गेला. त्याचा मराठीत अर्थ असा:

“आदरणीय महोदय, आपण ऑक्टोबर २००४ मध्ये विश्वासानं मला ऑफिसचं काम दिलंत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. मस्टरवर माझं पदनाम अजून हेल्पर आहे. प्रत्यक्षात मी रोजचा डिस्पॅच रिपोर्ट, हजेरीचा गोषवारा, गेटपास आणि आपला पत्रव्यवहार बघतो. आपला ऑक्टोबर २००४चा आदेश सोबत आहे. गेल्या वर्षभरात दुबार आलेली सात वाहतूक बिलं मी ताडणीत शोधली. यादी सोबत आहे. मोजणीची नवी पद्धत सुरू केल्यावर कमी मालाच्या तक्रारी एकतीसवरून बारावर आल्या. एमएस-सीआयटी आणि इंग्रजी टायपिंगचे दाखले सोबत आहेत. या परिसरात अशा कामासाठी साधारण काय पगार दिला जातो हे दाखवणाऱ्या तीन जाहिरातींची कात्रणंही जोडली आहेत. हे लक्षात घेऊन माझं पदनाम ऑफिस असिस्टंट करावं आणि पगार दरमहा अठ्ठेचाळीसशे करण्याचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. आपल्या सोयीनं पंधरा मिनिटं भेटीची वेळ दिलीत तर मी सविस्तर माहिती देऊ शकेन. आपला विश्वासू.”

“यात मी लई रडलो न्हाई,” इनुस म्हणाला.

“लई नाही, अजिबात नाही,” अकिला मॅडम म्हणाल्या आणि पाठवण्याचं बटण त्यालाच दाबायला लावलं.

तर, शुक्रवारची सकाळ. फाईल घेऊन इनुस केबिनमध्ये गेला.

पोपटराव वडगाव रासाईचे. भीमेकाठी बागायत, गावच्या विकास सोसायटीचे दोन वेळा चेअरमन. कारखान्याला जागा, पाणी आणि माणसं मिळवून देण्यात त्यांचा हात होता, म्हणून ते मॅनेजर झाले. कारभार कसा करायचा हे ते सोसायटीत शिकले होते: अर्ज, छाननी, शिफारस, ठराव. यातली एक पायरी चुकली की ऑडिटर धरतो, हा त्यांचा अनुभव.

मिलचा मेल झाला. विधवेला नकार सांगून झाला. “पुढचा?”

“साहेब, तांबोळीचा हाय.”

“वाच.”

या वेळी इनुसनं सगळा वाचला. शेपूट तोडायला जागाच नव्हती. छापलेल्या कागदावर शिक्का होता आणि जोडपत्रं होती. वाचून झाल्यावर पोपटरावांनी चष्मा काढला.

“बरा लिवलाय. हे तांबोळी म्हंजी कोन, चिकटवनीवरचे?”

“साहेब, तांबोळी मीच.”

“ते मला ठावं हाय. पर आत्ता तू ऑफिसकडनं उभा हायस. ते अर्जदार हायेत. सोसायटीत सचिव आन् अर्जदार एकच असला तवा काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. दोन्हीकडनं बोलू नको.”

“बरं साहेब.”

“आता लिव. श्रीयुत तांबोळी, आपला मेल मिळाला. छाननी चालू हाय. उद्या शनिवारी चार वाजता भेटायला यावं.” पोपटराव थांबले. “आन् छाननी तू कर. समदं रजिस्टर काढ, एकेक आकडा बघ. त्यांनी सांगितलं म्हनून मानू नको.”

इनुस बाहेर आला, स्वतःला मेल टाइप केला आणि पाठवला. संध्याकाळी जाताना एका सायबर कॅफेत थांबून तो त्यानं उघडला आणि ‘आभारी आहे, वेळेवर हजर राहीन’ असं उत्तर दिलं. शनिवारी सकाळी ते उत्तर छापून, आवक नंबर टाकून फाईलला लावलं.

छाननी त्यानं खरोखर केली. आदेश खरा होता. सात बिलं खरी होती. दाखले आणि कात्रणं खरी होती. मग तक्रारींचं रजिस्टर काढलं आणि दुपारच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, इनुस एकेक तक्रार मोजत बसला. एकतीस तक्रारींतल्या सतरा एकट्या साबणाच्या एका कंपनीच्या होत्या. ती कंपनी मोजणीची पद्धत सुरू व्हायच्या आधीच दुसरीकडून खोकी घेऊ लागली होती. बाकीच्या गिऱ्हाइकांचं बघितलं तर तक्रारी चौदावरून बारावर आल्या होत्या. घट एकोणीसची नव्हे, दोनची.

हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पोपटराव रजिस्टर उघडणार नव्हते. पुणं तर नाहीच. त्यानं जेवण न करता डबा बंद केला.

चार वाजता अर्जदारानं केबिनबाहेरच्या बाकावर बसायचं होतं. इनुस बसला. आतून बेल वाजली. तो आत गेला.

“तांबोळी आल्यात का?”

“आल्यात साहेब.”

“बाहेर थांबव. आधी छाननीचं सांग.”

“साहेब, चार गोष्टी बरोबर हायेत. एक न्हाई.” त्यानं रजिस्टर पुढे ठेवलं आणि साबण कंपनीचं सांगितलं. “अर्जदारानं हे बघायला पायजे होतं. बघितलं न्हाई.”

पोपटरावांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, बोट लावून मोजलं. “बघ. म्हनूनच छाननी करायची. लबाडी हाय का चूक?”

“चूक हाय साहेब. घाईत झाली.”

“तू त्यांची बाजू घेऊ नको. पाठव त्यास्नी.”

इनुस बाहेर आला, बाकावर टेकला, उठला आणि दार वाजवायला हात वर केला. चहा घेऊन आलेल्या सोजराबाई हे सगळं बघत होत्या. कारखान्याची झाडलोट आणि चहा त्यांच्याकडे.

“आरं इनुस, आत-भाईर, आत-भाईर! आत काय बाळंतपन हाय का?”

“मावशी, गप बसा. मी अर्जदार हाय.”

“आन् आत्ता गेलता तो कोन?”

“तो ऑफिसचा.”

“मंग चा किती ठिवू?”

आतून पोपटरावांचा आवाज आला. “अर्जदारास्नी कपबशी द्या, सोजराबाई. ऑफिसचा बाहेर गेलाय.”

इनुस दार वाजवून आत गेला तसं पोपटरावांनी समोरची खुर्ची दाखवली. एवढ्या वर्षांत इनुस त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे पोपटराव त्याला अहो-जाहो करू लागले.

“बसा तांबोळी. चहा घ्या. तुमचा एक आकडा चुकलाय, ऑफिसनं सांगितलं.”

“व्हय साहेब. दुरुस्त करून पाठवतो.”

“पाठवा. आता मला सांगा, एवढी वर्सं गप का बसलात? तोंडानं एकदा तरी सांगायचं.”

“साहेब, मेसेज पाठवले होते.”

“मला? कवा? माझे मेसेज तर समदे आमचा इनुस वाचून दाखवतो.”

पोपटरावांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. मेसेज पुसायचे कसे हे त्यांना माहीत नसल्यामुळे जानेवारीपासूनचा प्रत्येक तिथं होता.

“वाचा.”

इनुसनं वाचले. फुलांचा, होळीचा, विक्रमचा, बायकोच्या तब्येतीचा. “दुसरीकडं बोलावतात मला, मग म्हणू नका” आला तसं पोपटरावांनी हात वर केला.

“थांबा. हे ते लग्न?”

“व्हय साहेब.”

“मी आहेर दिला तिथं. पंचपाळं.”

इनुस बशीकडे बघत राहिला. पोपटराव सावकाश बोलले. “हे मेसेज मला तवाच कळले असते तर मी तुम्हाला त्याच दिवशी काढलं असतं. विक्रमचा पगार फोडला, बायकोला आजारी पाडलं, वर धमकी. मेलवर काढता येत न्हाई. मेलमधी काढायसारखं काय न्हाईच.” त्यांनी चष्मा लावला. “दुसरीकडं खरंच बोलावतात का?”

“व्हय. कुरकुंभला. तीस तारखेपर्यंत सांगायचंय. मला जायचं न्हाई साहेब.”

“ठीक. या आता. जाताना ऑफिसवाल्याला आत पाठवा.”

अर्जदार बाहेर गेला. ऑफिसवाला आत आला. पोपटरावांनी त्याला फोन दाखवला आणि आवाज एकदम चढला.

“काय रं भाड्या, पाच महिने मला फुलं वाचून दाखवतोस व्हय?”

“चुकलं साहेब.”

“पंचपाळं तुझ्या पगारातनं कापलं असतं. पर हेल्परच्या पगारातनं काय कापायचं?” ते खुर्चीत मागे रेलले. “लिव. शेरा. अर्जदार ऑफिसात काम करतो हे खरं. बिलांचं खरं. तक्रारीचा आकडा छाननीत चुकीचा निघाला. अर्जदार दुरुस्ती पाठवतो म्हनतो. पदनाम बदलावं, पगार वाढवावा, शिफारस हाय.”

“दुरुस्ती झाल्यावरच पाठवू का साहेब?”

“मग काय आधी पाठवतोस?”

त्या संध्याकाळी सायबर कॅफेतून दुसरा मेल गेला. त्यात लिहिलं होतं की आधीच्या मेलमधली तक्रारींची तुलना सदोष होती. दोन्ही वर्षांत खरेदी करणारी गिऱ्हाइकंच धरली तर आकडा चौदावरून बारावर येतो. बाकी मजकूर आणि विनंती तीच आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. इनुसनं तो अकिला मॅडमना फोनवर वाचून दाखवला. “मी विचारलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. रविवारी सकाळी त्यानं तो छापला, शिक्का मारला, पोपटरावांची सही घेतली आणि सगळं शेऱ्यासह पुण्याला पाठवलं.

मग आठवडाभर इनुस रोज पोपटरावांचा मेल उघडत होता आणि त्यात स्वतःच्या नावाचं काही आहे का ते बघत होता. मंगळवारी अलीमचा फोन आला.

“काय दाजी, ठरलं का? का तुमच्या साहेबांची परवानगी लागती नोकरी सोडायला?”

“अर्ज छाननीत हाय.”

“छाननी कोन करतंय?”

“मीच.”

“दाजी, तब्येत बरी हाय ना?” अलीमनं विचारलं.

शनिवारी, तीस तारखेला, साडेअकरा वाजता पुण्याचं उत्तर आलं. इनुसनं ते छापेपर्यंत वाचायचं नाही असं ठरवलं होतं. ते पाळता आलं नाही. पदनाम ऑफिस असिस्टंट, एक जुलैपासून. पगार चव्वेचाळीसशे. जानेवारीत कामाचा आढावा घेऊन पुढचं बघू. अर्जदाराला मान्य आहे का ते आजच कळवावं.

मागितले होते त्यापेक्षा चारशे कमी. कुरकुंभपेक्षा दोनशे कमी.

त्यानं शिक्का मारला आणि फाईल आत नेली. पोपटरावांनी ऐकून घेतलं. “विचार तांबोळींना.”

इनुस दोन पावलं मागे सरला आणि उभा राहिला. पोपटरावांनी वर बघितलं. “काय म्हनत्यात?”

“अर्जदार जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ मागतोय साहेब.”

“मागू दे. हक्क हाय त्यांचा.”

सुट्टीत इनुसनं रुबीच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. रुबीला बोलावून आणलं गेलं. तिनं सगळं ऐकलं आणि दौंडला खोलीचं भाडं किती पडेल ते विचारलं. सहाशे, इनुस म्हणाला. “मग यात विचारायचं काय?” असं म्हणून तिनं फोन ठेवला, शेजाऱ्यांच्या घरी तिला जास्त बोलायला आवडत नाही. मग त्यानं अलीमला नाही सांगितलं. अलीम म्हणाला की ती जागा आता तो स्वतःच्या साडूला देणार, आणि साडू निदान स्वतःची छाननी करत बसणार नाही.

अर्जदारानं लेखी मान्यता दिली. ऑफिसनं ती पुण्याला कळवली. संध्याकाळी पोपटरावांनी नवीन आदेश टाइप करायला सांगितला. त्यात ‘तात्पुरता’ हा शब्द राहिलाय का हे बघायला त्यांनी छापलेला कागद दोनदा वाचून घेतला आणि सही केली. “तांबोळींना दे,” ते म्हणाले. इनुसनं तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. पोच म्हणून खालच्या प्रतीवर सही केली, ती फाईलला लावली.

उद्या रविवार, १ जुलै, कामाचा दिवस. हेल्परांचं पंचिंग साडेआठला असतं, स्टाफची सही सव्वानऊपर्यंत चालते. इनुस तांबोळीचं नाव उद्यापासून स्टाफच्या मस्टरवर आहे, सातव्या ओळीत. ते मस्टर ऑफिसच्या लोखंडी कपाटात असतं. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते आणि ऑफिस साडेआठला उघडावं लागतं, त्यामुळे इनामगावहून तो नेहमीच्याच वेळेला, सातला निघेल.